माया कमी कर

नणंदेच्या बाळासाठी दुपटं शिवायला घेतलं तेव्हा परभणीत मे महिना होता आणि लाईट नव्हती. पांढऱ्या सुती कापडावर हिरवी पिंपळपानं लावायची, तीही कडा आत मुडपून हातानं. गोधडीला ठिगळ लावतात तसंच की, असं मला वाटलं.

पेन्सिलीनं पान काढलं, कडेनं चांगली बोटभर माया सोडून कापलं आणि सुईच्या टोकानं ती माया आत सारत शिवू लागले. सरळ कडेला झकास जमलं. गोलाईवर आले तसे पानाला कोपरे फुटले. पिंपळपान कसलं, खडीच्या रस्त्यावरचा दगड!

आत्याबाईंनी हात फिरवून पाहिला. "माया लई झाली," म्हणाल्या. सासूच्या तोंडून हे वाक्य सुनेनं ऐकायचं म्हणजे योगच.

पण खोट तीच होती. गोलाईची बाहेरची कड लांब, आणि ती आत ज्या जागेत दुमडायची ती जागा तोकडी. उरलेलं कापड खाली चुण्या घालून बसतं आणि चुणी तिथं उंचवटा. त्यांनी माया तीन-चार मिलिमीटरवर आणली. मी गोलाईला चिरा द्यायला कात्री उचलली, तर म्हणाल्या, "तिथं कामून कापतीस? चिरेगणिक टोक निघंल." एका टाक्यापुरतंच दुमडायचं, सुईचं टोक आत घालून पंख्यासारखं फिरवायचं, चुण्या पांगवायच्या, मग टाका. मी मात्र बोटानं इंचभर दुमडून मोकळी होत होते.

आता राहिली देठाजवळची खाच. इथं सगळं उलटं: कापड कमी पडतं, चीर दिल्याशिवाय ते वळतच नाही. मी ती सुरुवातीलाच देऊन टाकली होती. पान हाताळून हाताळून तिथवर पोचेपर्यंत खाचेत नुसत्या दशा. कापडाची ती दशा, माझी काय सांगू!

दुसऱ्या पानाला टाके खाचेपासून सेंटिमीटरभर राहिले तेव्हा चीर दिली, रेघेच्या अलीकडं एक-दोन धागे सोडून. ओली केलेली दातकोरणी सुईपेक्षा बरी. लाकूड कापडाला धरतं. एका बाजूनं दुसरीकडं एकदाच सारायचं. खाजवत बसलं की धागे सुटलेच. ऐन टोकाला मायाच नसते, म्हणून तिथं दोन-तीन टाके चिकटून घातले आणि एरवी एक धागा पकडते तिथं दोन-तीन पकडले.

तिसरं पान आत्याबाईंनी न बोलता खाली ठेवलं. त्यांच्याकडून हे पुष्कळ झालं.

पहिल्या पानाच्या दशांवर मी देठ शिवून टाकला. नणंदेनं दुपटं उलटसुलट करून पाहिलं. "वहिनी, या एकाच पानाचा देठ येवढा जाड कसा?"

म्हटलं, "झाड जुनं आहे."