स्वस्त फोनला अपडेट कमी का? आरपीडी कॉर्नरवरचा वाद

आरपीडी कॉर्नरच्या चहागाड्यावर महाद्याचा आवाज चढला होता. "मुद्दाम बंद करतात रे अपडेट! नाहीतर नवीन फोन कोण घेणार?" त्याचं मोबाईल रिपेअरीचं दुकान आहे, त्यामुळं या विषयात आम्ही त्याच्या नादाला सहसा लागत नाही.

पण बंगळूरला फोनच्या सॉफ्टवेअरवर काम करणारा संदीप सुट्टीला आला होता. "मुद्दाम थोडं असतंय, नाही म्हणत नाही. पण पहिला अडवतो तो चिपवाला. अँड्रॉइड गुगल देतं, पण ते चिपवर चालवायचे ड्रायव्हर, म्हणजे छोटे प्रोग्राम, चिपवाल्याकडून येतात. त्यानं हात वर केले की फोनवाला अडकला."

"मग स्वतः लिहायचे की!"

"फेअरफोन नावाच्या डच कंपनीनं केलं ते. त्यांचा फेअरफोन २ आला २०१५ च्या शेवटी. अँड्रॉइड ६ नंतर चिपवाल्या क्वालकॉमनं त्या चिपला पुढचं दिलंच नाही. कंपनीनं स्वतः खपून २०१८ मध्ये अँड्रॉइड ७ दिलं, तोवर बाजारात ९ आलं होतं. नेटानं २०२३ पर्यंत फोन सांभाळला. पण २०२३ च्या फेअरफोन ५ ला त्यांनी कारखान्यातल्या यंत्रांसाठीची चिप घेतली, कारण तिला क्वालकॉम जास्त वर्षं सांभाळतं."

"आणि स्वस्तातले?"

"तिथं हिशेब आड येतो. कॅमेरा, कॉल, नेटवर्क, गुगलच्या चाचण्या, हे सगळं प्रत्येक मॉडेलला परत करायचं. फोन सात हजाराचा असो की सत्तरचा, काम जवळपास तेवढंच. समज, एका मॉडेलला वर्षाला दोन कोटी लागले आणि पाच लाख फोन खपले. फोनमागं वर्षाला चाळीस रुपये, सहा वर्षांचे दोनशे चाळीस. सात हजाराच्या फोनवर पाच टक्के सुटले तर साडेतीनशे. उरलं काय?" (आकडे त्यानं हिशेबापुरते धरलेले.)

महाद्या गप्प बसणारा नव्हे. "मग सॅमसंगचा ए१६ ५जी? विसाच्या आतला, आणि सहा वर्षं बोलतात!"

"तो जगभर ढिगानं खपतो. खर्च वाटला जातो."

"म्हणजे जमतंय की! एकाच फोनला दहा नावं देऊन दर महिन्याला नवा डबा काढायचा कुणी सांगितलं यांना?"

यावर संदीपकडं उत्तर नव्हतं. माझ्या मते महाद्याचं इथं बरोबर आहे. वर्षं किती द्यायची हे बहुतेकदा लाँचच्या आधीच ठरतं, आणि मॉडेलांची गर्दी कंपनीनंच केलेली असते.

बापू इतका वेळ नुसता ऐकत होता. त्यानं फोन काढून सेटिंगमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख बघितली. काही महिने जुनी. "गेल्या गणपतीत ऑफरमध्ये घेतलाय गा. दोन वर्षं अपडेट म्हणाला होता दुकानदार."

"मॉडेल कधीचं?" संदीपनं विचारलं. निघालं दोन वर्षांपूर्वीचं. ही वर्षं तू घेतल्यापासून नव्हे, फोन बाजारात आल्यापासून मोजतात, असं त्यानं सांगितलं.

"मग माझं एक वर्ष?"

"दुकानाच्या कपाटात गेलं," महाद्या म्हणाला.