दोन नेल्या, दोन आणल्या, स्थिती: ठीक

प्रयोगशाळेतलं सामान न्यायचं तर रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते, ही प्रथा कोणी पाडली कोण जाणे. पण पडलीच आहे, तर ती निभावायची रीत तरी नीट शिकून घ्या. सध्या आमच्या लॅबचं हे रजिस्टर माझ्या गळ्यात आहे, त्यामुळे या कलेतले भलेभले दिग्गज मी जवळून पाहिलेत. त्यांच्याकडून जे शिकलो ते नव्या मंडळींच्या हाती सोपवतो.

सुरुवात नावापासून. नाव लिहायचंच नाही, नुसती सही ठोकायची. सही अशी हवी की तुम्हालाही आठवड्याने ती आपलीच आहे का, असा प्रश्न पडावा.

मग वस्तू. 'पीएच मीटर' एवढं पुरे. त्यावर चिकटवलेला नंबर लिहिण्याच्या फंदात पडू नका. कपाटात एकसारखी तीन मीटर आहेत. नंबर लिहिला तर परत करताना नेलेलंच मीटर आणावं लागतं. नाही लिहिला तर तिघांतलं जे सर्वांत रडकं असेल ते तुम्ही परत केलंत असं समजायला सगळे मोकळे, आणि तुम्ही मात्र नामानिराळे.

त्यापुढचा रकाना 'परतीची अपेक्षित तारीख'. हा मोकळाच सोडायचा. यामागचं शास्त्र समजून घ्या. थकबाकीची यादी काढताना मी काय करतो? अपेक्षित तारीख उलटलेली आणि परतीचा रकाना रिकामा, अशा ओळी वेचतो. जिथे तारीखच नाही तिथे उलटणार काय? अशी वस्तू वर्षभर तुमच्या टेबलावर राहिली तरी कागदोपत्री एक दिवसही थकत नाही. आणि समजा, कोणी जबरदस्तीने तारीख लिहायला लावलीच, तर दुसरा रस्ता आहे. मुदत संपेल त्या दिवशी वहीत यायचं, जुन्या ओळीत 'परत' लिहायचं आणि लगेच खाली 'नेले' म्हणून नवी ओळ टाकायची. वस्तू जागची हललेली नाही, कोणी तिच्याकडे पाहिलेलंही नाही, पण वही म्हणते की ती आली, तपासली आणि पुन्हा गेली. एखादं यंत्र अशा चार कागदी फेऱ्या मारून शेवटी मोडक्या अवस्थेत अवतरलं, की ते नेमकं कधी मोडलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

'स्थिती' हा रकाना तर सर्वांत सोपा. वरच्या ओळीत 'ठीक' लिहिलेलं असतंच. त्याखाली डिट्टोच्या खुणा. पान भरेपर्यंत नुसत्या खुणा.

काही बिघडलंच, तर शेरा लिहिताना शब्द जपून वापरा. 'खराब' हा आदर्श शेरा. पीएच मीटरच्या इलेक्ट्रोडचंच घ्या. तो दोन तऱ्हांनी हमखास बिघडतो. टोकाचा काचेचा फुगा तडकला, की 4च्या बफरमध्ये बुडवा, 10च्या बफरमध्ये बुडवा, आकडा 7च्या आसपासच चिकटून बसतो. तो इलेक्ट्रोड गेला, त्याला हार घालायचा. दुसरी तऱ्हा म्हणजे कोणीतरी टोपण न लावता रात्रभर कोरडा ठेवलेला असतो. मग आकडा येतो, पण रेंगाळत, सरकत सरकत. हा मात्र मेलेला नसतो. 3 मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात रात्रभर बुडवून ठेवला तर बहुतेक वेळा सकाळी शहाण्यासारखा वागू लागतो. आता तुम्ही 'दोन्ही बफरमध्ये 7 दाखवतो' किंवा 'आकडा स्थिरावायला फार वेळ लागतो' असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला लगेच कळेल की फेकायचा की भिजवायचा. असा घात करू नका. 'खराब' लिहा, म्हणजे भिजवण्याजोगा इलेक्ट्रोडही फेकला जाईल.

पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर नोंद तर सोडाच, काचा उचलून पारा बाकाच्या फटीत ढकलून द्या. तो तिथे बसून वर्षानुवर्षं सगळ्यांच्या नाकात वाफ सोडत राहील आणि तुमचं नाव कुठेच येणार नाही.

वस्तू मित्राला परस्पर दिली तर नोंद बदलायची नसते. मैत्रीत वही कसली?

आता मुख्य धडा. परत करताना संख्या जुळवा, बाकी काही जुळवू नका. हा धडा मला अगदी परवाच मिळाला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्याकडे क्वार्ट्झच्या क्युव्हेटची, म्हणजे द्रावण भरून प्रकाशाच्या वाटेत ठेवायच्या छोट्या चौकोनी पात्रांची, एक जोडी आहे. पेटी क्रमांक 2, आत फोमचे दोन खण. जोडी अशासाठी की दोघींमधून प्रकाश सारखाच जातो, म्हणजे एकीत नुसतं बफर आणि दुसरीत नमुना घेऊन तुलना करता येते. वहीत तिची ओळ इतकी देखणी आहे की फ्रेम करून लावावी: क्वार्ट्झ क्युव्हेट, 10 मिमी, नेल्या 2, आणल्या 2, स्थिती ठीक. वर दिलेल्या सल्ल्यांपैकी एकही मोडलेला नाही, फक्त अपेक्षित तारीख चुकून लिहिली गेली आणि ती तीन आठवड्यांनी उलटली. तेवढं चालायचंच.

मला डीएनए मोजायचा होता, 260 नॅनोमीटरला. प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारा आमचा स्पेक्ट्रोफोटोमीटर दोन किरणांचा, त्यामुळे एका खाचेत बफर, दुसरीत नमुना. शोषण आलं 3च्या वर, म्हणजे यंत्राने हात टेकले. म्हटलं, नमुना फार घट्ट असेल. दहापट पातळ केला. तरी 3च्या वर. पुन्हा दहापट. तरीही तोच आकडा, जागचा हलायला तयार नाही! इथे डोक्यात घंटा वाजली. द्रावण दहापट पातळ केलं की शोषण दहाव्या हिश्श्यावर यायला हवं. शंभरपट पातळ करूनही येत नसेल, तर प्रकाश खाणारं ते द्रावण नव्हेच. दुसरंच कोणीतरी वाटेत उभं आहे.

मग दोन्ही क्युव्हेटमध्ये नुसतं शुद्ध पाणी भरलं आणि 400पासून खाली येत गेलो. 400ला फरक शून्याच्या आसपास. 350लाही ठीक. त्यानंतर रेघ चढू लागली आणि 300च्या खाली तर सरळ भिंत. क्वार्ट्झ 200च्या जवळपासपर्यंत प्रकाश सोडतं. साधी काच 340च्या आसपास आखडू लागते आणि 260ला दार बंद करून घेते. दोन्ही क्युव्हेट उजेडात तिरप्या धरल्या. एकीच्या वरच्या कडेला बारीक 'क्यू' कोरलेला, दुसरीच्या कडेला 'जी'. नेली ती क्वार्ट्झ, आली ती काच. डोळ्यांना दोन्ही सारख्याच पारदर्शक, खणात दोन्ही सारख्याच चपखल, आणि वहीत? आणल्या 2, स्थिती ठीक!

कोणी बदलली, हे शोधायला वही उघडली. ज्याची सही होती (ती वाचायलाच दोन माणसं लागली) तो म्हणाला, मी तर आठवडाभरातच दुसऱ्याला दिली. दुसरा म्हणाला, मी फक्त एकच वापरली, दुसरी पेटीतच होती. ज्याने प्रत्यक्ष कपाटात आणून ठेवली तो तिसराच. त्याने पेटी उघडूनही पाहिली नव्हती, कारण त्याला फक्त 'ठेवून ये' असं सांगितलं होतं. त्याआधीच्या ओळीही पाहिल्या. सगळ्या ठीक, ठीकखाली डिट्टो, डिट्टोखाली डिट्टो. म्हणजे बदल या खेपेला झाला की गेल्या वर्षी, तेही सांगता येत नाही. गेल्या वर्षीच झाला असेल, तर मधल्या काळात ज्यांनी याच पेटीवर 260ला मोजमापं घेतली त्यांच्या आकड्यांचं काय? ती मंडळी आता निबंध लिहीत असतील. कुणी एक किरणाच्या यंत्रावर त्याच काचेच्या क्युव्हेटने आधी शून्य केलं असेल, तर त्याला 3चा इशाराही दिसला नसेल. शून्य झालं म्हणून समाधानाने पुढे गेला असेल आणि उरलेल्या क्षीण प्रकाशातली नुसती खरखर दशांशापर्यंत उतरवून घेतली असेल.

आणि हे सगळं टाळायला काय लागलं असतं? परत घेताना दोन्हींत पाणी, 260ला एक वाचन. चहा निवायला याहून जास्त वेळ लागतो.

नाही, आता सल्ले पुरे झाले. सरळच बोलतो. ती वही माझ्या करमणुकीसाठी नाही. तुम्ही 'ठीक' लिहिता तेव्हा पुढचा माणूस त्या एका शब्दाच्या भरवशावर आपला नमुना खर्च करतो, आणि तो नमुना दरवेळी पुन्हा मिळतोच असं नाही. पाहिलं नसेल तर 'पाहिलं नाही' असं लिहा. तेही चालेल, निदान मी तरी तपासेन. फुटलं असेल तर कधी, काय करताना आणि आता काय लक्षण दिसतं, एवढं लिहा. भरपाईची भीती वाटते, हे मला कळतं. ज्यांनी नुकसानीच्या रकान्याचा कबुलीजबाब करून टाकला, फुटकं टेस्टट्यूबसुद्धा ज्यांनी चारचौघांत वाजवून दाखवलं, त्यांच्यामुळेच निम्मी वही खोटी झालीय, आणि हे मी त्यांनाही तोंडावर सांगितलंय. पण म्हणून गुपचूप काच खणात बसवून पेटीचं झाकण लावायचं? ही भीती नव्हे, हा लबाडपणा आहे. आणि तारखा उलटून गेल्यावर मी विचारायला आलो की 'तुम्ही फारच नियमावर बोट ठेवता' म्हणायचं. बोट नको ठेवू तर काय ठेवू, काच?

ती दुसरी क्वार्ट्झ कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये आहे, याबद्दल मला शंका नाही. बहुधा ब्रॅडफर्डच्या निळ्या रंगाच्या पद्धतीने प्रथिनं मोजण्यासाठी वापरली जात असेल, 595 नॅनोमीटरला, जिथे साधी काच अगदी व्यवस्थित चालते आणि क्वार्ट्झ उलट वापरूच नये, कारण तो निळा रंग तिच्या भिंतींना चिकटून बसतो. कडेवरचं अक्षर बघा. 'क्यू' असेल तर उद्या सकाळी घेऊन या. निळी झाली असेल तर निळीच आणा आणि शेऱ्यात 'निळी' असं स्पष्ट लिहा. धुवायची कशी ते माझं मी बघतो.