शहाण्णव टक्के

गेल्या मंगळवारच्या मीटिंगमध्ये माझं हसं झालं. अजून पूर्ण विसरलेलो नाही, म्हणून लिहितोय.

वेबसाइट सीडीएनवर टाकून दीड महिना झाला होता. आता पानं, चित्रं, फाइली आपल्या मूळ सर्व्हरवरून न जाता लोकांच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवलेल्या प्रतींमधून जाणार, मूळ सर्व्हर, म्हणजे ओरिजिन, निवांत बसणार आणि बिल उतरणार, असं मी मोठ्या तोंडाने सांगून बसलो होतो. मीटिंगमध्ये मी सीडीएनचा डॅशबोर्ड पडद्यावर टाकला. मधोमध हिरवी कमान, खाली ठसठशीत आकडा: ९६%. हिट रेशो. म्हणजे शंभर विनंत्यांपैकी शहाण्णव कॅशमधूनच, म्हणजे त्या जवळच्या प्रतींमधूनच, भागल्या, ओरिजिनला फक्त चार गेल्या. मी एक पाऊल मागे सरून उभा राहिलो. पडद्यावर असं हिरवं काही असलं की माणूस आपोआप मागे सरतो, जणू सूर्योदय आपणच घडवून आणलाय.

कोपऱ्यातून अकाउंट्सचे काका म्हणाले, "कॅश चांगली चाललीय म्हणता?"

"एकदम."

"कशी काय? माझ्याकडून तर जातेय."

इथे पहिला हशा. माझा नव्हे, इतरांचा. काकांना आमच्या कामातलं काही कळत नाही, हा त्यांचा सगळ्यात त्रासदायक गुण आहे. कळत असतं तर ते गप्प बसले असते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खाकी फाइल उघडली आणि होस्टिंगचं बिल काढलं. आमचा होस्टिंगवाला सर्व्हरमधून बाहेर पडणाऱ्या डेटाचे पैसे लावतो. काकांनी आधीच्या महिन्याचं बिल डाव्या हाताला ठेवलं, या महिन्याचं उजव्या हाताला, आणि दोन्हींवर तर्जनी आपटली. आकडा पंधरा टक्केही उतरला नव्हता.

"काका, शंभरातले शहाण्णव कॅशमधून जातायत," मी लहान मुलाला समजावतात त्या सुरात म्हणालो. तो सूर मला आता आठवला तरी कानशिलं तापतात.

"मग चारच उरले."

"चारच."

"आणि त्या चारांचं बिल एवढं?" काकांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "म्हणजे बघा हं. मुलाने शंभर प्रश्नांपैकी शहाण्णव सोडवले. शाबास. पण ते शहाण्णव होते रिकाम्या जागा भरा, आणि सोडले ते चार होते निबंध. मग गुण किती पडणार?"

कोणी काही बोललं नाही. मग एका शिकाऊ पोरीने, जिला कामाला लागून पंधरा दिवस झाले होते, "नापास" असं हळूच म्हटलं. दुसरा हशा. हा माझ्यावर.

संताप का आला ते सांगतो. काकांनी काही नवीन शोधलं नव्हतं. डॅशबोर्डवरचं ते शहाण्णव विनंत्यांच्या संख्येवर काढलेलं असतं, डेटाच्या वजनावर नाही. दहा किलोबाइटच्या चिमुकल्या चित्राची विनंती म्हणजे एक, आणि अडीच मेगाबाइटच्या पीडीएफचीही एकच. हे मला माहीत होतं. पण कमान हिरवी असताना ते आठवत नाही. शेजारीच ओरिजिन ट्रॅफिकचा आलेख होता, मला तो दिसतही होता, आणि मी "नंतर बघू" म्हणून दीड महिना त्याला टाळत होतो. ज्याने हे डॅशबोर्ड आखले त्याला माझा एकच प्रश्न आहे: कमान एवढी मोठी आणि आलेख तेवढा छोटा, कोपऱ्यात, राखाडी, हे कोणाच्या सोयीसाठी?

संध्याकाळी मी काकांचा निबंध तपासायला बसलो. आमचं उत्पादनांचं पान दिवसातून सुमारे ३०,००० वेळा उघडतं. प्रत्येक वेळी ३२ छोट्या फाइली येतात, चिन्हं, बाण, घंट्या, असल्या. म्हणजे ९,६०,००० विनंत्या. सगळ्या हिट. त्याच पानावर एका चौकटीत कॅटलॉगची पीडीएफ आपोआप दिसते, तिच्या ३०,००० विनंत्या. उरलेल्या १०,००० म्हणजे शोध, लॉगिन वगैरे, त्या ओरिजिनलाच जाणार आणि जायलाच हव्यात. बेरीज दहा लाख, हिट ९६%. शंका घ्यायला जागाच नाही.

आता वजन. छोट्या फाइली सरासरी दहा किलोबाइटच्या धरल्या तर त्या ९,६०,००० मिळून ९.६ जीबी. पीडीएफ अडीच मेगाबाइटची, ३०,००० वेळा, म्हणजे ७५ जीबी. लॉगिनबिगिनचं वजन चिल्लर. एकूण ८५ जीबीच्या आसपास डेटा लोकांना गेला, त्यातला ७५ ओरिजिनने ओढून नेला. वजनाने मोजलं तर हिट रेशो साधारण ११ टक्के. रिकाम्या जागा भरल्या आणि निबंध सोडला. काकांनी हे टोपण लावता-काढता केलं होतं, मला कॅल्क्युलेटर लागला.

(एक जाता जाता. काही डॅशबोर्डांत जे कॅश करायचंच नाही असं ठरवलंय ते भागाकारातच धरत नाहीत. लॉगिनचा हिशेब वगळून आकडा काढतात. म्हणजे आकडा नव्वदच्या वर आणि सर्व्हर घामाघूम, हे एका वेळी घडू शकतं. भागाकारात खाली काय धरलंय ते आधी वाचा. मी वाचलं नव्हतं.)

पण पीडीएफ का चुकतेय? कॅशला ती आवडत नाही की काय? मी सरळ विचारलं:

```
curl -s -o /dev/null -D - 'https://example.com/catalog.pdf?t=1718000000123'
```

उत्तरात `cache-control: public, max-age=86400`, म्हणजे एक दिवस ठेवायला परवानगी. `x-cache: MISS`. पहिलीच वेळ, चालेल. तीच ओळ परत चालवली: `x-cache: HIT`, खाली `age: 7`. प्रत सात सेकंदांपूर्वी कॅशमध्ये आली आणि आता तिथूनच मिळाली. मी समाधानाने खुर्चीत मागे रेललो. म्हणजे कॅश चालतेय. काकांचं बिलच चुकीचं असणार.

असा मी साधारण वीस मिनिटं निर्दोष होतो.

मग सीडीएनचा लॉग काढला, `MISS` असलेल्या ओळी बाजूला केल्या आणि वजनानुसार लावल्या. वरच्या तीन ओळी अशा:

```
MISS 2512340 /catalog.pdf?t=1718000000123
MISS 2512340 /catalog.pdf?t=1718000000871
MISS 2512340 /catalog.pdf?t=1718000001406
```

आणि खाली तसल्याच, खाली तसल्याच, तीस हजार. `t` म्हणजे पान उघडलं तो क्षण, मिलिसेकंदांत. आमच्या सेटिंगमध्ये पत्त्याचा प्रश्नचिन्हापुढचा भागही कॅशच्या किल्लीत धरला जातो. म्हणजे प्रत्येक माणसाने वेगळ्या नावाची फाइल मागितली. कॅशने इमानेइतबारे प्रत्येकाची प्रत जपून ठेवली, आणि त्या नावाने परत कोणीच आलं नाही. मी मघाशी एकच पत्ता दोनदा चालवला, म्हणून मला हिट मिळाला. जगात तो पत्ता दोनदा वापरणारा एकटा मीच होतो.

कोणत्या गाढवाने हा `t` घातला ते बघायला `git blame` चालवलं. गाढवाची ओळ अशी होती:

```
const url = '/catalog.pdf?t=' + Date.now();
```

दोन वर्षांपूर्वीची, माझ्या नावाची, आणि सोबतची नोंद: "तात्पुरतं. अकाउंट्सला जुना कॅटलॉग दिसतोय." तेव्हा काका दिवसातून चार वेळा येऊन सांगत होते की दर बदलले तरी त्यांच्या ब्राउझरमध्ये जुनीच पीडीएफ उघडते. मी ओळ टाकली, तक्रार थांबली, सगळे खुश. सीडीएन तेव्हा नव्हताच, त्यामुळे कोणाला फरक पडला नाही.

हे मी काकांना दुसऱ्या दिवशी सांगितलं, आशेने, की अर्धा दोष तरी ते घेतील. त्यांनी नोंद दोनदा वाचली. "मी जुना कॅटलॉग दिसतोय म्हटलं होतं," ते म्हणाले, "दर सेकंदाला नवा हवा असं नव्हतं म्हटलं." आणि फाइल बंद केली.

दुरुस्ती छोटी होती. घड्याळाऐवजी फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण नावात घातली, `catalog.8f3a21.pdf`. मजकूर बदलला की नाव बदलतं, नाहीतर तेच राहतं. काकांना ताजं मिळतं, कॅशला ओळखीचं मिळतं. हात लागलाच आहे तर ३२ फाइलींच्या जागी तीन केल्या, चिन्हं सगळी एकाच चित्रात बसवली. पान जलद उघडायला लागलं. पीडीएफ आता दिवसाला सुमारे ५०० वेळाच ओरिजिनला पोचते, कारण सीडीएनच्या प्रत्येक ठिकाणी स्वतःची वेगळी प्रत लागते आणि एका दिवसाने ती जुनी होते. शून्य होणार नाही, ते मी सोडून दिलं. ओरिजिन ट्रॅफिक दिवसाला ७५ जीबीवरून दीड जीबीच्या आत आलं. राखाडी कोपऱ्यातला आलेख कड्यावरून पडल्यासारखा पडला. मी त्याचा फोटोही काढून ठेवला.

शुक्रवारी साहेबांनी बोलावलं. पडद्यावर डॅशबोर्ड. कमान पिवळी. ९२%.

"मंगळवारी शहाण्णव होतं ना?"

मी सांगायला लागलो. ९,६०,००० छोट्या विनंत्यांच्या ९०,००० झाल्या, सगळ्या हिटच, पण फुकटचे हिट गेले. एकूण विनंत्या १,३०,०००. चुकलेल्या ४०,००० वरून १०,५०० वर आल्या, म्हणजे जवळपास चौथाई. पण दहा लाखांऐवजी एक लाख तीस हजारांनी भागलं की टक्का खाली येतो. काम सुधारलं म्हणून आकडा पडला, असं मी तीन वेळा, तीन तऱ्हेने सांगितलं. शेवटच्या वेळी कागदावर काढून.

साहेबांनी कागद नीट बघितला. त्यांना समजलं, हे मी मान्य करतो. मग म्हणाले, "पण हे महिन्याच्या अहवालात हिरवं होतं. आता पिवळं जाणार. ती ३२ चिन्हं परत वेगळी केली तर?"

मी मनात हिशेब केला. बिल उतरलेलंच राहील, आणि हिट रेशो येईल ९९ टक्के.

"नव्व्याण्णव येतील," मी म्हणालो.

"मग करून टाका की," साहेब म्हणाले. सोमवारपर्यंत हवंय.