खप म्हणजे नग की पैसे?

"मंदी आली की लिपस्टिकचा खप वाढतोच." असं एका लेखात वाचलं, पण यातला तो 'च' मला पटला नाही. 2001 मध्ये एस्टी लॉडर या सौंदर्यप्रसाधन कंपनीचे लिओनार्ड लॉडर यांनी मंदीत लिपस्टिकची विक्री वाढते, ही लिपस्टिक इंडेक्सची कल्पना मांडली, पण 2020 मध्ये मंदी असून लिपस्टिकची विक्री पडली कारण तोंडावर मास्क, मग लोक डोळ्यांच्या मेकअपकडे वळले. म्हणजे वस्तू बदलते, मागे राहते ती गरज, मोठा खर्च टळला की एखादी छोटी चैन हवीच असते. माझा पगार कापला गेला तेव्हा मी ट्रिप रद्द केली आणि त्याच आठवड्यात चांगल्यातली लिपस्टिक घेतली, एरवी घेतली नसती, आणि खरंच बरं वाटलं.

अजून एक, लेखात खप म्हणजे नग की रुपये हे कुठेच नाही. समजा किंमत 10 टक्के वाढली आणि नग 5 टक्के कमी विकले गेले तरी कंपनीची विक्री साडेचार टक्के वाढलेली दिसते, आणि आपण म्हणतो बघा लिपस्टिक इफेक्ट! प्रत्यक्षात कमी लोकांनी घेतली असू शकते. आधी नगांचा आकडा बघा ना, आणि त्याच काळात महागडा परफ्यूम, पार्लरचा खर्च कमी झाला का तेही, कारण हा इफेक्ट म्हणजे मोठ्याऐवजी छोटं घेणं.