दोनशे पटीला घेतलेली उत्तम कंपनी

“पीई बघणारे आयुष्यभर काठावर बसून राहतात. कंपनी उत्तम असली की कुठल्याही भावाला घ्या, नफा वाढला की भाव मागून येतोच. इन्फोसिस बघा, हिंदुस्तान युनिलिव्हर बघा. दहा वर्षं थांबायची तयारी ठेवा, महाग-स्वस्त सगळं धुऊन निघतं. २०२१ मध्ये निफ्टीचा पीई ४० होता, तेव्हा घेणाऱ्यांचं काय वाईट झालं?”

मांजलपूरला राहणाऱ्या माझ्या भाच्याने हे मला पाठवलं आणि खाली लिहिलं, “मामा, एक शेअर बघून ठेवलाय. पीई ८० आहे. घेऊ ना?” त्याआधी तीन ग्रुपांवर हाच मजकूर मी वाचला होता. भाच्याला दिलेलं उत्तर जरा लांबलं, ते इथे मांडतो. पीई म्हणजे शेअरचा भाव कंपनीच्या शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याच्या किती पट आहे तो आकडा.

सुरुवात इन्फोसिसपासून करतो, कारण मजकूर लिहिणाऱ्याने आपल्याच विरुद्धचा सगळ्यात भक्कम साक्षीदार बोलावलाय. ३१ मार्च २००० ला एका शेअरचा भाव नऊ हजाराला थोडा कमी होता. सगळ्या शेअरांची मिळून किंमत सुमारे ५९,३०० कोटी रुपये. त्या वर्षीचा नफा सुमारे २९० कोटी. भागाकार केला की पीई येतो दोनशेच्या वर. म्हणजे कंपनी वर्षाला जेवढं कमावते त्याच्या दोनशे पट मोजून लोक घेत होते. सयाजीगंजात फॉर्च्युन टॉवर्समध्ये तेव्हा बडोद्याचं स्वतःचं स्टॉक एक्स्चेंज होतं. त्या काळात तिथल्या जिन्यात उभं राहिलं की दर दुसऱ्या माणसाच्या तोंडी हेच नाव असायचं. “महाग आहे” म्हणणाऱ्याला लोक हसायचे.

पुढे काय झालं? कंपनीने अपेक्षाभंग केला असं कोणी म्हणूच शकणार नाही. २००९-१० चा नफा सुमारे ६,२०० कोटी होता. दहा वर्षांत नफा एकवीस पट, म्हणजे वर्षाला जवळपास ३६ टक्के वाढ. एवढ्या वेगाने सलग दहा वर्षं वाढणाऱ्या मोठ्या कंपन्या बोटांवर मोजाव्या लागतात. आता गुंतवणाऱ्याच्या हातात काय आलं ते बघा. समजा कोणी त्या दिवशी १० शेअर घेतले, साधारण ९०,००० रुपये लावले. २००४ मध्ये एकाला तीन बोनस मिळाले, १० चे ४० झाले. २००६ मध्ये एकाला एक, ४० चे ८०. मार्च २०१० ला भाव २,६०० च्या थोडा वर होता, म्हणजे ८० शेअरांचे सुमारे २ लाख ९ हजार झाले. वर्षाला नऊ टक्क्यांच्या आसपास, आणि लाभांश धरूनही दहाच्या आत. त्या दशकात पीपीएफचा व्याजदर अकरावरून उतरत आठवर आला होता. म्हणजे देशातल्या सगळ्यात गाजलेल्या कंपनीने पोस्टाच्या खात्यापेक्षा टक्काभर जास्त दिलं, आणि तेही मधे सप्टेंबर २००१ ला भाव एकतृतीयांशाच्याही खाली गेलेला बघत शांत बसलेल्याला.

एकवीस पट नफा आणि सव्वादोन-अडीच पट पैसा, मधलं गेलं कुठे? ते पीईत गेलं. मार्च २०१० मध्ये इन्फोसिसचा पीई सुमारे २४ होता. दोनशेवरून चोवीसवर आला म्हणजे साधारण आठवा हिस्सा उरला. एकवीसला आठाने भागा, अडीचच्या आसपास येतं. शेअरचा भाव म्हणजे नफा गुणिले पीई, एवढाच तो हिशोब. नफा वाढला की भाव मागून येतो हे पीई जागच्या जागी राहिला तरच खरं आहे, आणि दोनशेचा पीई जागच्या जागी राहू शकत नाही. राहिला असता तर २०१० मध्ये या एकट्या कंपनीची किंमत साडेबारा लाख कोटी झाली असती. त्या वर्षी अख्ख्या भारताचं एकूण उत्पादन ६५ लाख कोटींच्या आसपास होतं. एका सॉफ्टवेअर कंपनीचा भाव देशाच्या उत्पादनाचा पाचवा हिस्सा! नफा जितका मोठा होतो तितकं पुढचं दुप्पट होणं अवघड होत जातं, बाजाराला ते दिसतं, आणि तो पुढच्या नफ्यासाठी कमी पट मोजू लागतो. यात कंपनीचा दोष काहीच नाही. पुढच्या दहा वर्षांची वाढ २००० मध्येच भावात भरून टाकली होती.

आणि हे झालं जिंकलेल्या कंपनीचं. २००० च्या त्याच मार्चमध्ये पेंटामीडिया, डीएसक्यू सॉफ्टवेअर, सिल्व्हरलाइन या कंपन्यांची नावंही तितक्याच भक्तीने घेतली जात होती. आज ती फॉरवर्डमध्ये सापडत नाहीत, कारण फॉरवर्ड लिहिणारा तगलेल्यांचीच यादी करतो.

हिंदुस्तान युनिलिव्हरची गोष्ट याहून साधी आणि मला जास्त बोलकी वाटते. तेव्हा नाव हिंदुस्तान लिव्हर होतं. २००० च्या सुरुवातीला, आजच्या एक रुपया दर्शनी किमतीच्या हिशोबाने, भाव अडीचशे-तीनशेच्या घरात आणि पीई पन्नास-साठच्या घरात. साबण, चहा, टूथपेस्ट, यात कसली जोखीम, असं सगळे म्हणायचे. मग २००४ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने टाइड-एरियलचे भाव पाडले, यांनाही सर्फचे पाडावे लागले आणि त्या वर्षी नफा घसरला. एकूण दशकात नफा १,३०० कोटींवरून २,२०० कोटींवर, म्हणजे जेमतेम पावणेदोन पट. मार्च २०१० ला भाव होता सुमारे २४० रुपये. दहा वर्षांनी माणूस होता तिथेच, किंवा थोडा मागे. हातात आला तो लाभांश.

पण तेव्हा पीई उतरून २३ च्या आसपास आला होता. त्या भावाला ज्याने घेतलं, त्याचे मार्च २०२० पर्यंत २४० चे २,३०० झाले. शेअरमागचा नफा तिप्पट झाला आणि पीईही तिप्पट होऊन सत्तरच्या वर गेला. तीन त्रिक नऊ. लोक ज्याला कंपनीची किमया म्हणतात त्यातला अर्धा वाटा स्वस्तात घेण्याचा होता. आणि २०२० मध्ये सत्तरच्या वर पीई देऊन घेतलेल्याला पाच वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, भाव पुन्हा २,३०० च्याच आसपास दिसला. नफा या काळातही वाढला होता. साबण तोच, चहा तोच, गिऱ्हाईक तेच. फरक फक्त आत शिरतानाच्या पीईचा.

दहा वर्षांत सगळं धुऊन निघतं का, हे एका शेअरऐवजी अख्ख्या निफ्टीवर, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकावर तपासू. ८ जानेवारी २००८ ला निफ्टी ६,२८८ होता, पीई २८ च्या आसपास. दहा वर्षांनी तो १०,६०० च्या घरात होता, म्हणजे वर्षाला साडेपाच टक्के, अधिक लाभांशाचा टक्का-सव्वा टक्का. त्या दशकातल्या महागाईपुढे हे काहीच नाही. त्याच २००८ च्या २७ ऑक्टोबरला निफ्टी २,५२४ ला बंद झाला, पीई १०-१२ च्या घरात. तिथून दहा वर्षांनी १०,०३० : चौपट, वर्षाला जवळपास पंधरा टक्के. दोन्ही माणसांनी जवळपास त्याच पन्नास कंपन्या घेतल्या, अंतर साडेनऊ महिन्यांचं.

यात एक बारकावा आहे, तो लपवत नाही. जानेवारी २०१८ लाही पीई सव्वीसच्या आसपासच होता, त्यामुळे महाग घेणाऱ्याचं नुकसान पीई आकसल्याने झालं नाही. नफाच सावकाश वाढला. हे पुष्कळदा असंच होतं. बाजार सगळ्यात महाग असतो तेव्हा कंपन्यांचा नफाही भरतीला असतो, म्हणजे फुगलेल्या नफ्याला फुगलेल्या पटीने गुणलेलं असतं.

उरला २०२१ चा चाळीस. हा मुद्दा ऐकायला बळकट आहे, पण तो चाळीस खरा चाळीस नव्हता. पीईच्या छेदात मागच्या चार तिमाहींचा नफा असतो, आणि त्या चारांत एप्रिल ते जून २०२० ही दुकानं-कारखाने बंद असलेली तिमाही होती. छेद आकसला की पीई फुगतो. शिवाय तोपर्यंत निफ्टीचा पीई काढताना एनएसई ही संस्था कंपन्यांचा फक्त स्वतःचा नफा धरत होती, उपकंपन्यांचा नाही. मार्च २०२१ च्या अखेरीस एकत्रित नफा धरायला सुरुवात केली आणि आकडा चाळीसवरून तेहतीसच्या आसपास उतरला, शेअरचा भाव न हलता. पुढच्या वर्षभरात नफा परतला, निफ्टी वर गेला आणि पीई तरीही खाली आला. म्हणून पीई बघताना नफ्याचं वर्ष कसं होतं हे बघावंच लागतं. रॉबर्ट शिलर आणि जॉन कॅम्पबेल या अर्थतज्ज्ञांनी याच अडचणीवर दहा वर्षांच्या सरासरी नफ्याचा उपाय वापरला. स्टीलसारख्या धंद्यात तर उलटं होतं, तेजीच्या टोकाला नफा फुगून पीई पाच-सहा दिसतो आणि माणूस स्वस्त समजून फसतो.

काठावर बसण्याबद्दलचा टोमणा मात्र थोडा खरा आहे. पीईवरून पुढचं वर्ष कळत नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी डिसेंबर १९९६ मध्ये बाजाराच्या अवाजवी उत्साहाबद्दल इशारा दिला, बाजार त्यानंतरही तीन वर्षांहून जास्त चढत राहिला. पीई बघून उद्या विकायला निघालेल्याचं हसं होतं. त्याचा उपयोग दहा वर्षांनी काय मिळेल याचा अंदाज बांधायला होतो, आणि तोही ढोबळ.

आता भाच्याचा शेअर. पीई ८०. दहा वर्षांनी तो ४० राहील असं धरू, जे मोठ्या झालेल्या कंपनीसाठी उदारच आहे. त्याला वर्षाला १२ टक्के हवे आहेत, म्हणजे पैसा ३.१ पट. पीई अर्धा होणार, म्हणून नफा ६.२ पट व्हायला हवा. त्यासाठी दहा वर्षं, एकही वर्ष न चुकता, सरासरी २० टक्के वाढ लागते. मी त्याला एवढंच विचारलं की गेल्या दहा वर्षांत या कंपनीचा नफा किती वेगाने वाढला ते काढ.

संध्याकाळी उत्तर आलं, “मामा, १३ टक्के.” तेरा टक्क्यांनी नफा दहा वर्षांत ३.४ पट होतो. पीई निम्मा झाला की १.७ पट. वर्षाला साधारण साडेपाच टक्के. त्याने विचारलं, पीई ८० च राहिला तर? मी म्हटलं, मग तेरा मिळतील, पण दहा वर्षांनी तुझ्याकडून ८० पटीला घेणारा कोणीतरी लागेल.