गालाला फेस आणि कानाला मॅडम

पुण्याच्या कंपनीची ऑफर आली होती, काम एक्सपोर्टच्या कागदपत्रांचं, पण शिफ्ट रात्रीची, आणि घरी आई एकटी. नाही म्हणायचं ठरलं. एचआरला दोन ओळींचा मेल टाकला असता तर विषय संपला असता, पण माझा इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडमनी माझ्यासाठी वर भांडून जागा मंजूर करून घेतलेली, त्यांना ही बातमी एचआरकडून कळणं बरं दिसत नाही. म्हणून आधी त्यांना फोन, आणि त्याच दिवशी मेल, तोही ऑफरची मुदत संपायच्या आत, म्हणजे त्यांना दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराला विचारता येतं.

सकाळी फोन लावला, मीटिंगमध्ये होत्या. उलटा फोन कधी यावा? मी सात रस्त्याच्या सलूनमध्ये, गालाला फेस, मानेवर वस्तरा.

"मॅडम, मनापासून आभार, पण मी जॉइन होऊ शकणार नाही."

वस्तरा थांबला. "का ओ? पगार कमी देतेत काय?"

हाच तो प्रश्न जो टाळायचा असतो. पगाराचं नाव काढलं की समोरचा म्हणतो थांबा, वाढवून बघतो, मग तो आठवडाभर वर मंजुरी मागत फिरतो आणि तरी आपण नाहीच म्हणायचं, मग कायमचं वाकडं. म्हणून कारण एकच, खरं, आणि एचआरला तेच. मी म्हणालो, "रात्रपाळी घरच्यामुळे जमणार नाही, निर्णय पक्का आहे."

"रात्रपाळीला काय होतंय," हा आरशातून, खणखणीत आवाजात, "आमचा मेव्हणा मिलमध्ये रात्रीच करतोय की!" बाकावरचे दोघं पेपर खाली ठेवून ऐकायला लागले. मॅडम म्हणाल्या, "तुमच्याजवळ कोणी बोलतंय का?"

मी घाईघाईने मुद्द्यावर आलो, दिवसाच्या शिफ्टला एलसी किंवा शिपिंग बिलाचं काम निघालं तर मला जरूर कळवा, एप्रिलमध्ये मीही एकदा मेसेज करेन. "भविष्यात संधी असल्यास" असलं गुळमुळीत लिहिलं की कोणाच्या लक्षात राहत नाही, कुठलं काम हवंय ते सांगितलं तर राहतं. मॅडम "नक्की" म्हणाल्या, हसत होत्या बहुतेक.

एचआरचं उत्तर आलं, "नोंद घेतली". बास. हीच मंडळी इंटरव्ह्यू घेऊन महिनोन्‌महिने गप्प बसतात, नकार कळवायचे साधे कष्ट घेत नाहीत, आणि नम्रपणा मात्र आम्ही शिकायचा.

पैसे देताना न्हावी म्हणाला, "ती जागा रिकामीच हाय न्हवं? मेव्हण्याचं नाव सांगा की." आत्ता व्हॉट्सॲपवर बायोडेटा आलाय. पंख्याखाली काढलेला फोटो, निम्मा कागद उडालेला.