कॅफे नको म्हणणारा मुलगा 'जेन्युइन' कसा काय?

«पहिल्या भेटीला कॅफेचाच हट्ट धरणाऱ्या मुलीचा तुमच्यावर विश्वास नसतो. खरंच बोलायचं असेल तो शांत जागाच सुचवणार. नाशिक छोटं आहे, कॅफेत कोणीतरी ओळखीचं बघणारच, त्यापेक्षा फ्लॅट सेफ. व्हिडिओ कॉल झालाय म्हणजे अनोळखी नाही. आणि लाइव्ह लोकेशन ऑन ठेवलं की टेन्शनच नाही.»

हे मला मामेबहिणीने पाठवलं, खाली लिहिलं होतं "ताई, पॉइंट आहे ना?" पॉइंट कसला डोंबलाचा! तिचा डेटिंग अॅपवरचा मॅच तिला गंगापूर रोडला मित्राच्या रिकाम्या फ्लॅटवर बोलवत होता, आणि हिला त्याला नाही म्हणवत नव्हतं.

सगळ्यात डोक्यात गेलं ते 'फ्लॅट सेफ'. ओळखीचं कोणी बघेल ही भीती खोटी नाही, मान्य. आमची मामी तर सिडकोतून निघालेली बातमी पंचवटीत पोचायच्या आत दोनदा फोन करते. पण त्यावर उपाय भाग बदलणं हा आहे, सिडकोत राहतेस तर कॉलेज रोडला भेट, कॉलेज रोडला राहतेस तर सिटी सेंटर मॉलच्या फूड कोर्टात. कोणी बघितलं तर घरी चार बोलणी खाशील, फ्लॅटमध्ये काही बिनसलं तर दाराची कडी कोणाच्या हातात आहे ते बघ. आणि हे मुलांनाही लागू आहे बरं का, रूमवर बोलावून मग 'भाऊ' किंवा खोटे पोलीस आत शिरतात, व्हिडिओ काढतात आणि पैसे मागतात, तोही प्रकार चालतो.

विश्वासाचं म्हणाल तर टिंडरच्या स्वतःच्या सेफ्टी टिप्स वाचा. सुरुवातीच्या काही भेटी वर्दळीच्या सार्वजनिक जागीच, स्वतःच्या किंवा समोरच्याच्या घरी नाही, आणि खाजगी जागी चल म्हणून दबाव आला तर भेट तिथेच संपवा, असं त्यात स्पष्ट आहे. येण्याजाण्याची सोय स्वतःची ठेवा हेही आहे. ज्यांचा धंदाच लोकांना भेटवायचा आहे तेच हे सांगतायत!

आता बहिणीचं बघा. ती आधी कारणं देत बसली. "घरचे विचारतील" तर तो म्हणे "मैत्रिणीकडे जाते सांग." "लांब पडतं" तर "मी घ्यायला येतो." कारण दिलं की समोरचा ते सोडवतो आणि मग तुमच्याकडे नाही म्हणायला काही उरत नाही. म्हणून आम्ही कारणच काढून टाकलं आणि एवढंच पाठवलं: "पहिल्यांदा मी बाहेरच भेटते. रविवारी ११ ला कॉलेज रोड जमेल का?" जागा आपली, वेळ आपली, सॉरी नाही.

एकदा फ्लॅट सुचवला म्हणून कोणी लगेच राक्षस होत नाही, काहींना खरंच अक्कल नसते किंवा कॅफेचं बिल परवडत नाही (मग चहा-मिसळ आहेच की, नाशिकमध्ये राहता ना). खरं कळतं ते नाही म्हटल्यावर. याने आधी "विश्वास नाही वाटतं, बाकीच्या मुली येतात" टाकलं, मग तासाभराने गोड होऊन "बरं कॅफेत ये, पण घरून पिकअप मी करतो." गाडी म्हणजे चाकांवरची खोलीच की! त्यात तुमचा पत्ता पण त्याला मिळाला, आणि सोमेश्वरच्या पुढे धरणाकडे वळली तर अंधार पडल्यावर तिथे रिक्षा हात करून मिळत नाही. ती "मी माझी येते" म्हणाली आणि त्याने अनमॅच केलं. स्क्रीनशॉट आम्ही आधीच काढून ठेवले होते, कारण अनमॅच झालं की चॅट आपल्याकडूनही जातं.

हीच खेळी भेटीच्या दिवशीही होते. कॅफेत पोचल्यावर "इथे फार गर्दी आहे, पाच मिनिटांवर फ्लॅट आहे" येतं. उत्तर तेच, "मी इथेच बसते", आणि पुन्हा आग्रह झाला तर बिल देऊन निघायचं.

व्हिडिओ कॉलने फोटो खरा आहे एवढं कळतं, माणूस नाही. लाइव्ह लोकेशन जरूर ठेवा, व्हॉट्सअॅपवर ८ तासांपर्यंत चालतं, पण ते फोन कुठे आहे ते सांगतं, तुम्ही कशा आहात ते नाही. बंद दाराआडून ११२ लावला तरी पोलीस पोचेपर्यंतचा वेळ तुमचाच असतो. कॅफेत निदान शेजारच्या टेबलवर माणसं असतात.

एक गोष्ट मात्र मला कबूल करावी लागेल, सार्वजनिक जागा म्हणजे आपोआप सेफ नाही. ठराविक कॅफेचाच हट्ट धरायचा, तिथे भरमसाठ बिल लावायचं आणि मॅच गायब, असेही प्रकार झालेत. म्हणून जागा आपण निवडायची, मेनूचे भाव आधी बघायचे.

तोच मेसेज तिने परवा दुसऱ्या एकाला जसाच्या तसा पाठवला. त्याने फक्त विचारलं, "११ की साडेअकरा?"